पुष्कराजाखालचा पेपर

मावशीचा नवा पुष्कराज अजून अंगठीत बसवलेला नव्हता. चिमट्यात धरून मी तो त्या दिवशीच्या पेपरावर नेला, आणि छोट्या जाहिरातींमधला ‘पाहिजे’ हा शब्द खड्याच्या मधोमध स्वच्छ वाचता आला. कडेने खडा सोनेरी झळकत होता, पण मध्ये नुसती फिकट पिवळी काच. रंग उत्तम, डाग नाही, रत्न अस्सल. तरीही पोटात जीव नाही. असं का?

काचेच्या पेल्यात पाणी घ्या, पेला डोळ्यांच्या वर धरा आणि पाण्याचा पृष्ठभाग खालून तिरका पाहा. तो चांदीच्या पत्र्यासारखा चमकतो, पलीकडचं छत दिसत नाही. पाण्यातून वर निघालेला प्रकाश पृष्ठभागावर फार तिरका पडला की त्याला बाहेर पडताच येत नाही, तो सगळाच्या सगळा आत परततो. रत्नाची झळाळी ही याच अडवणुकीची कमाल आहे. त्याच्या मागे ना पारा ना चांदीचा मुलामा, तरी मागचे पैलू आरसे होतात.

मात्र प्रकाश किती तिरका पडला म्हणजे अडकेल, हे पदार्थावर ठरतं. पैलूला लंब रेघ काढून तिथून मोजलं, तर पुष्कराजात हा कोन साधारण 34.5 अंश येतो. आता खड्याच्या वरच्या सपाट पैलूतून, म्हणजे टेबलातून, सरळ खाली जाणारा एक किरण घेऊ. खालचे पैलू टेबलाशी 41 अंशांत कापलेले असतील तर किरण पहिल्या पैलूवर 41 अंशांनी आपटतो आणि अडकतो. समोरच्या पैलूवर तो 57 अंशांनी पडतो, पुन्हा अडकतो आणि वर डोळ्याकडे येतो. दोन टप्पे, आणि खडा उजळतो.

मावशीचा खडा खालून चपटा होता. समजा कोन 30 अंश. मग पहिल्याच पैलूतून किरण सरळ खाली निसटतो आणि त्याच वाटेने उलट आपल्याला पेपर दिसतो. व्यापारी याला ‘विंडो’ म्हणतात. उलट पोट फार उतरतं ठेवलं, समजा 55 अंश, तर पहिला टप्पा छान जमतो, पण दुसऱ्या पैलूवर किरण जवळजवळ समोरून, 15 अंशांनी, पडतो आणि बाजूने पळतो. डोळ्याकडे काहीच येत नाही, मध्ये काळोख बसतो. नीलमासारख्या गडद रत्नात तर खोल पोटातल्या लांब वाटेत रंगच बराच प्रकाश गिळतो.

मला सर्वात नवल वाटलं ते पुढच्या गोष्टीचं. 38 अंशांत कापलेला पुष्कराज मधोमध उजळतो, पण त्याच मापाने कापलेला सुनेला मध्ये रिकामा दिसतो. सुनेला स्फटिकाच्या कुळातला, त्याचा अडकण्याचा कोन साधारण 40.4 अंश. दोन अंशांनी डाव हुकतो.

मग कारागीर चुकीचं कापतात कशाला? रत्न वजनावर विकलं जातं म्हणून. कच्चा खडा चपटा असेल तर योग्य कोनासाठी त्याची रुंदी घासून कमी करावी लागते, आणि जाडजूड असेल तर पोट उतरवावं लागतं. दोन्हीकडे कॅरट भुकटीत जातात. फुगीर पोटामागे कधी रास्त कारणही असतं: श्रीलंकेच्या काही नीलमांत निळा रंग तळाच्या टोकाशीच साठलेला असतो, तो घासला तर खडा पांढुरका पडेल.

खरेदीला जाल तेव्हा सुटा खडा मागा. आधी तो पुसून घ्या, कारण मागच्या पैलूंवर बोटाचं तेल असलं तर आरसा मोडतो आणि चांगला खडाही मंद दिसतो. मग दुकानातल्या झगझगीत दिव्यांखालून दाराशी, दिवसाच्या उजेडात या. टेबल वर ठेवून खडा छापील कागदाच्या जरा वर धरा आणि अगदी सरळ वरून पाहा. तिरकं पाहिलं तर चांगल्या खड्यातूनही अक्षरं दिसू शकतात. मधोमध टिकलीएवढी फिकट जागा मी चालवून घेईन, अर्धा चेहरा रिकामा असेल तर नाही. काळे डाग दिसले तर खडा हळूच डोलवा. डाग जागा बदलत असतील आणि तिथे रंग पेटत असेल तर ठीक, काही डाग आपल्याच डोक्याची सावली असते. हलवूनही मधला काळोख हलला नाही तर तो कापातला दोष. शेवटी खडा बाजूने पाहा: मटक्यासारखं पोट असेल तर न दिसणाऱ्या वजनाचे पैसे तुम्ही मोजताय. बंद कोंदणातल्या खड्याची यातली बरीचशी परीक्षा होतच नाही.

मावशीचा खडा पुन्हा कापून सुधारता आला असता, पण आकार आणि वजन घटलं असतं. तिने साफ नकार दिला. गुरुजींनी सव्वापाच रत्ती सांगितली होती.