संक्रांतीची शोकेस : काळे कापड काचेतून दिसावे कसे

मकर संक्रांतीला मागणी असते काळ्या कपड्यांना, आणि काचेआड सर्वांत कमी दिसणारा रंगही काळाच. त्यामुळे कपड्यांच्या दुकानात वर्षभरातली सर्वांत अवघड शोकेस दिवाळीची नव्हे, तर संक्रांतीची असते. हौसेने नेसवलेली काळी चंद्रकळा भर दुपारी रस्त्यावरून पाहिली, तर तिच्या जागी समोरच्या दुकानाची पाटी आणि उभ्या केलेल्या स्कूटर दिसतात.

याचे कारण काचेत आहे. साध्या काचेच्या दोन्ही बाजूंवरून मिळून सुमारे ८ टक्के उजेड मागे फिरतो. फिकट साडीपुढे तो जाणवत नाही. काळे कापड मात्र स्वतःच फार थोडा उजेड परत पाठवते. उन्हातला रस्ता शोकेसच्या कितीतरी पट उजळ असतो, त्यामुळे त्याचे प्रतिबिंब कापडावर मात करते. आत दिवे वाढवून ही कसर भरून निघत नाही, वीजबिल मात्र वाढते. उपाय बाहेर करावा लागतो. काचेवर दोन-तीन फूट पुढे येणारा कापडी छज्जा ओढला की समोरचा फूटपाथ सावलीत जातो आणि प्रतिबिंब मंदावते. दुसरा उपाय पार्श्वभूमीचा. काळ्या साडीमागे हळदी किंवा मोतिया रंगाचा सपाट पडदा असला, तर निदान तिची आकृती तरी उठून दिसते. मरून किंवा जांभळ्या पडद्यापुढे तीच साडी हरवते.

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यासारख्या गजबजलेल्या रस्त्यावरची, ८ फूट रुंद आणि ४ फूट खोल शोकेस उदाहरणादाखल घेऊ. नेहमीच्या चालीने जाणारा माणूस तिच्यासमोरून दोन-तीन सेकंदांत निघून जातो. तेवढ्यात पाच पुतळे पाहून होत नाहीत, दोन पुरतात. एक काठपदराच्या काळ्या साडीतला आणि दुसरा, जरा पुढे, काळ्या परकर-पोलक्यातल्या लहान मुलीचा. माणसे काचेला समांतर चालत येतात, म्हणून थेट रस्त्याकडे तोंड केलेल्या पुतळ्याचा त्यांना आधी खांदाच दिसतो. संध्याकाळी गर्दीचा लोंढा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला पुतळे थोडे वळवले की पदर दहा-पंधरा पावले आधीपासून नजरेत येतो. थर्माकोलचे पतंग या दिवसांत प्रत्येक काचेत टांगलेले असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी कुणी थांबत नाही. हलव्याचे दागिने मात्र थांबवतात. काळ्यावर पांढरा हलवा लांबूनही चमकतो आणि नव्या सुनेचा पहिला सण, बाळाचे बोरनहाण न सांगता सुचवतो. फक्त हलवा साखरेचा असल्याने त्याला मुंग्या लागतात. रोज रात्री तो काढून डब्यात ठेवावा लागतो.

संध्याकाळी प्रश्न बदलतो. समोरून सरळ पडणाऱ्या उजेडात काळी साडी सपाट डागासारखी दिसते. वरून, एका बाजूने तिरका झोत टाकला तर निऱ्यांच्या कडा उजळतात, सावल्या पडतात आणि जर जागी होते. पिवळसर उजेडात जर अधिक खुलते. झोत पाहणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही ना, हे मात्र फूटपाथवर उभे राहूनच तपासावे लागते.

माल नोव्हेंबरात मागवून, नाताळ उलटताच शोकेस लावणे सोयीचे. १५ जानेवारीला ती उतरवण्याची घाई अनेक दुकाने करतात. ही चूक आहे, कारण हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. त्या दिवसांत लहान मुलीचा पुतळा पुढेच ठेवून फक्त साडी बदलली तरी भागते. तशीही आठवड्याने ती बदलावीच लागते: उन्हाने काळा रंग विटतो, आणि घडी मोडल्यावर आतला काळा व बाहेरचा तपकिरी असा पट्टा दिसला की तो नग पडत्या भावानेच जातो.

थांबलेला माणूस आत येतो की नाही, हे बहुधा किमतीच्या चिठ्ठीवर ठरते. किंमत नसली की महाग असेल असे धरून लोक पुढे जातात. शोकेसमधलीच साडी दारातून शिरताच हाताशी असावी. ‘तो पीस संपला’ हे उत्तर मिळालेले गिऱ्हाईक दुसरी साडी क्वचितच पाहते.

शोकेस जमली की नाही, हे समोरच्या फूटपाथवरून तासभर मोजता येते: किती जण गेले, किती थबकले, किती आत शिरले. थबकणारेच कमी असतील तर दोष उजेडात किंवा मांडणीत आहे. पुष्कळ थबकून मोजकेच आत जात असतील, तर किंमत, दारातली गर्दी किंवा पायरीवर उभा राहून ‘या ना ताई’ म्हणणारा सेल्समन, यांपैकी काहीतरी आड येत आहे. पुतळे हलवण्याआधी त्याला आत बोलावून पुन्हा मोजणे स्वस्त पडते.