कर्जरोखे कसरीने विकले, अधिमूल्याने फेडले: तोटा नक्की कधीचा?

एका कंपनीने प्रत्येकी 100 रुपये दर्शनी किमतीचे 1,000 कर्जरोखे 5 टक्के कसरीने विकले. व्याज 10 टक्के, परतफेड 5 वर्षांनी एकरकमी आणि 10 टक्के अधिमूल्याने. म्हणजे आज हातात 95,000 रुपये आले आणि शेवटी 1,10,000 द्यायचे आहेत. या व्यवहाराच्या नोंदींत तीन गैरसमज हमखास आढळतात.

गैरसमज: अधिमूल्याची नोंद परतफेडीच्या वर्षी करायची.

वस्तुस्थिती: जादा 10,000 रुपये देण्याचे वचन कर्जरोखे विकतानाच दिलेले असते, म्हणून नोंदही त्याच दिवशी होते. बँक खाते 95,000 ने नावे आणि कर्जरोखे विक्री तोटा खाते 15,000 ने नावे. समोर कर्जरोखे खाते 1,00,000 ने जमा आणि परतफेड अधिमूल्य खाते 10,000 ने जमा. तोट्यात 5,000 कसरीचे आहेत, 10,000 अधिमूल्याचे. अधिमूल्य खाते हे देणे आहे. परतफेड होईपर्यंत ते ताळेबंदात दायित्व बाजूला राहते. ही नोंद राहून गेली, तर पाचव्या वर्षी अधिमूल्य खात्यात शिल्लकच सापडत नाही आणि 10,000 चा सगळा भार त्या एका वर्षाच्या नफ्यावर पडतो.

गैरसमज: हातात 95,000 आले, म्हणून व्याजही 95,000 वर.

वस्तुस्थिती: व्याज दर्शनी किमतीवर, म्हणजे 1,00,000 वर, वर्षाला 10,000 रुपये द्यावे लागते. कसर किंवा अधिमूल्यामुळे त्यात फरक पडत नाही.

गैरसमज: तोटा नेहमी समान हप्त्यांनीच निर्लेखित करायचा.

वस्तुस्थिती: परतफेड एकरकमी असेल, तर पारंपरिक पद्धतीने दरवर्षी 3,000 रुपये नफा-तोटा पत्रकाला नेतात. पण दरवर्षअखेर 20,000 चे कर्जरोखे फेडायचे असतील, तर पैसा वापरात राहण्याचे प्रमाण 5:4:3:2:1 असे घटत जाते. मग तोटाही 5,000, 4,000, 3,000, 2,000, 1,000 असा विभागतात, कारण ज्या वर्षी जास्त कर्ज वापरले, त्या वर्षाने खर्चाचा जास्त वाटा उचलायला हवा.

इंड एएस लागू असलेल्या कंपन्यांची रीत निराळी आहे. तिथे वेगळे तोटा खाते नसते. विक्रीचा इतर खर्च नसेल, तर देणे 95,000 ने सुरू होते आणि त्यावर प्रभावी व्याजदराने खर्च धरतात. आपल्या एकरकमी उदाहरणात हा दर सुमारे 12.96 टक्के येतो. पहिल्या वर्षीचा खर्च सुमारे 12,316 रुपये. त्यातले 10,000 व्याज म्हणून रोख दिले जातात आणि उरलेले 2,316 देण्यात मिळवतात. ही भर दरवर्षी वाढत जाते आणि पाचव्या वर्षअखेर देणे बरोबर 1,10,000 वर पोहोचते. तिथे ते पोहोचले नाही, तर दर काढताना चूक झाली असे समजावे.

दोन्ही रीतींत पाच वर्षांचा एकूण खर्च एकच: व्याज 50,000 आणि तोटा 15,000, मिळून 65,000 रुपये. बदलते ती फक्त वर्षावर्षांतली वाटणी.