दोन नारळ वाढवा

लग्नघरात सामानाची यादी चाललेली असते. कुणीतरी म्हणतं, "यादीत दोन नारळ वाढवा." लिहिणारा तिनाचे पाच करतो. मग पूजेला गुरुजी सांगतात, "देवापुढे दोन नारळ वाढवा," आणि तोच माणूस उठून दोन नारळ फोडतो. एकदा नारळ दोनाने वाढले, एकदा दोनाने कमी झाले. क्रियापद मात्र तेच, आणि दोन्ही वेळा कुणी गोंधळलं नाही.

'वाढवणे'ला हा उलटा अर्थ चिकटला तो आपल्या अशुभाच्या धास्तीने. देवाचा नारळ 'फोडला' म्हणायचं नाही, हातातली बांगडी 'फुटली' म्हणायचं नाही. ती 'वाढली' म्हणायची. निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो, त्यामागेही हीच धास्ती आहे. इंग्रजीत एकाच रूपात परस्परविरुद्ध अर्थ बाळगणारे शब्द बरेच आहेत, पण ते तिथे पोचले वेगळ्या वाटांनी.

'क्लीव्ह' म्हणजे चिरणे आणि 'क्लीव्ह' म्हणजेच घट्ट चिकटून राहणे. मुळात हे दोन स्वतंत्र शब्द होते. जुन्या इंग्रजीत चिरण्याला 'क्लेओफान' आणि चिकटण्याला 'क्लिफियान' म्हणत. शतकांच्या ओघात उच्चार झिजले आणि दोघे एकाच रूपात येऊन बसले. १६११च्या इंग्रजी बायबलमध्ये, तेही उत्पत्तीच्या एकाच पुस्तकात, दोन्ही अर्थ सापडतात: पुरुष पत्नीशी जडून राहतो तिथेही हेच क्रियापद आणि अब्राहाम होमासाठी लाकडं फोडतो तिथेही हेच. वाचणारा अडत नाही, कारण चिकटण्याच्या अर्थी या क्रियापदाला 'च्याशी' सांगणारं अव्यय लागतं. चिरण्याच्या अर्थी ते थेट कर्मावर जातं.

'सँक्शन'ची गोष्ट याच्या उलट. इथे शब्द एकच होता आणि त्याला दोन फांद्या फुटल्या. लॅटिनमध्ये मूळ क्रियापदाचा अर्थ 'पवित्र ठरवणे, मोडता येणार नाही असं करणे'. कायदा असा पक्का करायचा तर त्याला मान्यता हवी आणि तो मोडणाऱ्याला शिक्षाही हवी. रोमन कायद्यात दंड सांगणाऱ्या कलमालाच 'सांक्शियो' म्हणत. म्हणजे मंजुरी आणि शिक्षा एका कायद्याच्या दोन बाजू होत्या. पुढे त्या एकमेकींपासून दुरावल्या. १९३५मध्ये इटलीने इथिओपियावर चढाई केल्यावर राष्ट्रसंघाने इटलीवर लादले ते आर्थिक 'सँक्शन्स' दुसऱ्या फांदीवरचे. आपल्याकडे बँकेत कर्ज 'सँक्शन होतं' ते पहिल्या फांदीवरचं. लाचखोरीच्या प्रकरणात सरकारी नोकरावर खटला चालवायला सरकारचं 'सँक्शन' लागतं, तेही मंजुरीच; ती मिळणं नोकराच्या दृष्टीने संकट असलं तरी.

यातला कुठला अर्थ घ्यायचा हे इंग्रजी वाचणाऱ्याला शेजारचे शब्द सांगतात. नाम अनेकवचनी असेल आणि पुढे 'च्यावर' किंवा 'च्याविरुद्ध' असेल तर ते निर्बंध. क्रियापद असेल तर कर्म पाहायचं. न्यायालयाने दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाची योजना 'सँक्शन' केली म्हणजे मान्य केली. अमेरिकेतल्या न्यायालयाने एखाद्या वकिलाला 'सँक्शन' केलं म्हणजे दंड केला. योजना, खर्च, रजा अशा गोष्टी मंजूर होतात. माणसं, कंपन्या आणि देश शिक्षा भोगतात. ही खूण बहुतेक वेळा पुरते. ती पुरत नाही तेव्हा कर्म मधलंच काहीतरी असतं. एखाद्या सरकारने अमुक देशाची तेलविक्री 'सँक्शन' केली, एवढाच इंग्रजी मथळा असेल तर विक्रीला परवानगी मिळाली की आडकाठी झाली? मथळा चार शब्दांचा, आजूबाजूचे शब्द छाटलेले. खालची बातमी न वाचता मथळ्याचंच भाषांतर करणारा उपसंपादक इथे फसू शकतो, कारण मराठीत त्याला 'मंजुरी' किंवा 'निर्बंध' यांतलं एक निवडावंच लागतं.

शेजारच्या शब्दांवरून अर्थ ठरवण्याचा हा विचार आपल्याकडे जुना आहे. संस्कृत शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण 'सैंधव आण' हे. सैंधव म्हणजे मीठ आणि सैंधव म्हणजे घोडाही. जेवताना मागितलं तर मीठ आणायचं, प्रवासाला निघताना मागितलं तर घोडा. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अर्थ पक्का करणाऱ्या गोष्टींची यादीच दिली आहे. तिच्यात प्रकरण म्हणजे प्रसंग आहे, दुसऱ्या शब्दाचं सान्निध्य आहे, औचित्य आहे, देश आणि काळही आहेत. नारळाच्या बाबतीत 'यादीत' आणि 'देवापुढे' या शब्दांचं सान्निध्य कामाला आलं.

मला या यादीतला 'देश' फार मोलाचा वाटतो. डिसेंबर १९४१मध्ये, पर्ल हार्बरवर हल्ला झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, ब्रिटिश आणि अमेरिकन सेनाधिकारी वॉशिंग्टनमध्ये भेटले. तिथला एक प्रसंग चर्चिलने महायुद्धावरच्या आपल्या ग्रंथात सांगितला आहे. ब्रिटिशांनी एक कागद तयार केला होता. विषय निकडीचा म्हणून तो त्यांना 'टेबल' करायचा होता, म्हणजे चर्चेला घ्यायचा होता. अमेरिकेत 'टेबल' करणं म्हणजे विषय बाजूला ठेवणं. त्यामुळे अमेरिकन म्हणाले, मुळीच नाही, हा विषय महत्त्वाचा आहे. बराच वेळ वाद झाला, थोडी कटुताही आली. मग लक्षात आलं की दोघांना हवं होतं ते एकच. आपल्या संसदेने ब्रिटिश वळण घेतलं. सभागृहाच्या पटलावर कागद ठेवला म्हणजे तो सदस्यांसमोर आला.

इथे प्रसंगाने मदत का केली नाही? बैठकीत विषय घेतलाही जातो आणि पुढे ढकललाही जातो. दोन्ही अर्थ त्या जागी सारखेच शोभतात. नारळाच्या यादीत 'फोडणे' हा अर्थ बसूच शकत नाही, म्हणून तो मनात येतही नाही. अर्थ एकमेकांविरुद्ध आहेत एवढ्याने घोटाळा होत नाही. तो दोन्ही अर्थ त्याच खुर्चीत मावतात तेव्हा होतो.

आपला 'परवा' तपासून पाहा. कालच्या आदला दिवस आणि उद्याच्या पुढचा दिवस, दोन्ही परवाच. हिंदीत तर 'कल'सुद्धा दोन्हीकडचा आहे. मराठीने काल आणि उद्या वेगळे केले, पण परवा तसाच ठेवला. एरवी काळ निवाडा करतो: 'परवा आला', 'परवा येईल'. वर्तमानकाळ आला की मात्र वाक्य पुरतं ऐकावं लागतं. 'परवा मी त्याच्याकडे जातो, तू घरी थांब' हे पुढचं. 'परवा मी त्याच्याकडे जातो, तर दाराला कुलूप' हे घडून गेलेलं. पहिले चार शब्द जसेच्या तसे. दिशा ठरते ती स्वल्पविरामानंतर. 'परवापरवापर्यंत' म्हटलं की तो फक्त मागचा, त्याला पुढची वाटच नाही.

क्रियापद नसलेल्या जागी 'परवा' खरा अडवतो. 'परवाच्या मीटिंगचे कागद पाठवा' असा निरोप आला, तर मागच्या मीटिंगचं इतिवृत्त पाठवायचं की पुढच्या मीटिंगची विषयपत्रिका? कागद दोन्हींचे असतात. परवाऐवजी वार घातला तरी भागत नाही, 'बुधवारची मीटिंग'सुद्धा मागची असू शकते आणि पुढचीही. जुने कारकून म्हणूनच तारीख घालत, आणि निरोपात ती नसली तर उलट विचारत, "झालेली की व्हायची?"