संवाद गेले कुठे?

पडद्यावर नायिकेचे ओठ हलतात, पार्श्वसंगीत ऐकू येतं, पावसाचा आवाजही येतो. फक्त संवाद गायब. कॉलेजच्या सभागृहात लघुपटाचा पहिला खेळ लावताना असं घडलं की फाइलच बिघडली म्हणून सगळी टीम लॅपटॉपभोवती जमते. दोष बहुतेक वेळा वायरीत असतो.

लॅपटॉपच्या हेडफोन सॉकेटमधून डावा आणि उजवा असे दोन आवाज निघतात. मिक्सरचं माइक इनपुट मात्र आत येणाऱ्या दोन तारांमधला फरक तेवढा उचलतं. संवाद दोन्ही बाजूंना सारखेच असल्याने त्या वजाबाकीत नाहीसे होतात. संगीत दोन्हीकडे थोडं वेगळं असतं, म्हणून ते उरतं. अशा वेळी एका टोकाला स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन सुट्या पिना असलेली वायर घ्यावी आणि त्या मिक्सरच्या दोन वेगळ्या चॅनेलना लावाव्यात. चार्जर काढल्यावर स्पीकरमधली घूंऽऽ थांबली, तर लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावर घेऊन पाहावं.

आवाजाची पातळी चित्रपटातल्या सर्वांत हळू संवादावर ठरवावी, तीही शेवटच्या रांगेत बसून. भरलेलं सभागृह रिकाम्या सभागृहापेक्षा जास्त आवाज शोषतं, त्यामुळे खेळाच्या वेळी मिक्सरजवळ माणूस हवाच.

प्रोजेक्टरची चाचणी खेळाच्याच वेळी करावी. पुण्यात डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मेमध्ये सातच्या आसपास. पडदे विरळ असतील तर रात्रीचा प्रसंग मे महिन्यातल्या सहा वाजता नुसता करडा दिसेल. आकाराचाही प्रश्न असतो. जुन्या ४:३ प्रोजेक्टरवर १२ फूट रुंद चित्र ९ फूट उंच असतं, पण २.३९:१ प्रमाणातला रुंद चित्रपट त्यात जेमतेम ५ फूट उंचीचा दिसतो. वरखाली काळे पट्टे राहतात, ते राहू द्यावेत. पडदा भरावा म्हणून चित्र ताणलं की चेहरे लांबुळके होतात.

निमंत्रणावर ‘सायंकाळी ६ वा.’ एवढंच छापलं तर लोक साडेसहा धरूनच निघतात. त्यापेक्षा दारं कधी उघडणार, चित्रपट नेमका कधी सुरू होणार आणि तो किती मिनिटांचा आहे, हे तिन्ही लिहावं.

कार्यक्रमाच्या क्रमात मात्र आयोजकांना थोडं कठोर व्हावं लागतं. ‘राजा हरिश्चंद्र’चा निमंत्रितांसाठीचा खेळ २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात झाला. ३ मेपासून कॉरोनेशनमध्ये तो सर्वांसाठी लागला, तेव्हा सोबत नृत्य आणि कसरतीही होत्या. तेव्हाचा प्रेक्षक अशा मिश्र कार्यक्रमालाच येत असे. आजच्या २५ मिनिटांच्या लघुपटाआधी सहा पाहुण्यांना शाल-श्रीफळ आणि प्रत्येकाचं मनोगत ठेवलं, तर चित्रपट सुरू होईपर्यंत मागच्या रांगा चुळबुळू लागतात. दीपप्रज्वलन, दोन मिनिटांचं स्वागत आणि लगेच चित्रपट, हा क्रम चांगला. सत्कार नंतर करावा; तोवर पाहुण्यांनीही चित्रपट पाहिलेला असतो आणि त्यांना त्यावर बोलता येतं. श्रेयनामावली पूर्ण सरकेपर्यंत सभागृहातले दिवे लावायचे नाहीत, हे दिव्यांच्या बटणापाशी उभ्या राहणाऱ्या मुलाला आधीच सांगून ठेवावं.