रात्री बारा वाजता डेटाचा दिवस उजाडतो

आज आम्ही तुम्हाला एका मोबाईलच्या हिशोबाची गोष्ट सांगणार आहोत. हिशोब आहे आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलाचा. तो पुण्यात मोटारसायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो. आपल्या गावागावांतली कितीतरी मुलं आज हेच काम करतात, काही सुना-मुलीही करतात. म्हणून ताईंना विचारूनच आम्ही ही गोष्ट रेडिओवर आणली.

तो दिवस शनिवारचा. मुलगा सकाळी अकराला कामावर चढला होता. रात्री सव्वाआठला त्यानं एका हॉटेलातून ऑर्डर उचलली, पाठीवरच्या पिशवीत ठेवली आणि निघाला. दोन सिग्नल ओलांडले आणि नकाशा थांबला. रस्त्याची रेघ गेली, पडदा नुसता करडा दिसायला लागला. त्यानं ॲप बंद करून पुन्हा उघडलं, तर ते गोल गोल फिरत राहिलं. गिऱ्हाइकाचा पत्ता त्याच ॲपमध्ये होता.

मोबाईलवर टॉवरच्या काड्या पूर्ण होत्या, म्हणून त्याला वाटलं ॲपच बिघडलं. पाच मिनिटांनी त्यानं मेसेज पाहिले. कंपनीचा मेसेज येऊन पडला होता: आजचा डेटा संपला, आता वेग कमी राहील.

हा कमी वेग म्हणजे किती, ते समजून घेऊ. रोजचा डेटा संपला की बऱ्याच पॅकमध्ये नेट पूर्ण बंद होत नाही, ते ६४ केबीपीएसवर येतं. साध्या भाषेत, एक एमबी यायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. दारात डबा ठेवल्याचा दोन एमबीचा फोटो पाठवायचा तर चार मिनिटांवर वेळ जातो, आणि तोवर ॲप बहुधा वाट पाहणं सोडून देतं. साधा लिहिलेला निरोप रखडत का होईना, पण जातो. फोनवरचं बोलणं आणि मेसेज तर या रोजच्या डेटातून जातच नाहीत, ते नेहमीसारखे येतात-जातात. डेटा संपला की टॉवर गेला, हे इथूनच ओळखायचं. काड्या आहेत, फोन लागतोय, पण फोटो आणि नकाशा उघडत नाही, तर बहुतेक डेटा संपलाय.

त्यानं तिथंच उभं राहून जादा डेटाचं रिचार्ज करायला घेतलं, पण पैसे भरायचं ॲपही त्याच मंद नेटवर अडकलं. शेवटी त्यानं आईला फोन लावला. ताईंनी शेजारच्या मुलाकडून त्याच्या नंबरवर रिचार्ज मारून घेतलं. यात अर्धा तास गेला. जेवण गार झालं होतं, गिऱ्हाइकानं तक्रार केली. ठरलेल्या ऑर्डरी पूर्ण केल्या की मिळणारा वरचा पैसाही त्या दिवशी दोन ऑर्डरींनी हुकला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी त्याला फोनवर विचारलं, "अरे, हे असं किती वेळा होतं?" त्यानं रिचार्जची यादी पाहिली. महिन्याभरात अकरा वेळा त्यानं बावीस-बावीस रुपयांचा जादा डेटा घेतला होता. दोनशे बेचाळीस रुपये झाले. अठ्ठावीस दिवसांचं मूळ पॅक साडेतीनशेचं, आणि वरून हे. ताई आमच्या गटाचं वहीखातं बघतात. त्या म्हणाल्या, "आधी तीन दिवस लिहून काढ, मग ठरवू."

कसं लिहायचं? फोनच्या Settings मध्ये गेलं की नेटवर्कच्या भागात कोणत्या ॲपनं किती डेटा खाल्ला याची यादी असते. त्याला बहुतेक फोनवर App data usage किंवा नुसतं Data usage म्हणतात. तो सकाळी, दुपारी आणि रात्री त्यातले आकडे वहीत उतरवायचा आणि आधीच्या आकड्यातून वजा करायचा. त्याचं पॅक रोज दीड जीबीचं, म्हणजे साधारण १५०० एमबीचं. तीन दिवसांनी त्याचा एक दिवस असा दिसला:

रात्री बारानंतर अंथरुणात पाहिलेले छोटे व्हिडिओ, ६०० एमबी.
सकाळी व्हॉट्सॲपवर आपोआप उतरलेले फोटो आणि व्हिडिओ, २०० एमबी.
हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट पाहताना पाहिलेले व्हिडिओ, ४५० एमबी.
घरी केलेला पंधरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल, ९० एमबी.
कामाचं ॲप १०० एमबी आणि नकाशा ६० एमबी.

बेरीज १५००, आणि तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले. ही यादी वाचताना आम्ही सगळ्याच गप्प झालो. त्याचं पोट ज्यावर चालतं, त्या कामाला आठ वाजेपर्यंत फक्त १६० एमबी लागले होते. जागा कुठे आहे हे फोन आकाशातल्या उपग्रहांकडून ओळखतो, त्याला डेटा लागत नाही. डेटा लागतो तो नकाशाचं चित्र आणि रस्त्यावरची गर्दी आणायला, आणि तो थोडाच असतो. डेटा खातात ते व्हिडिओ.

पण खरी मेख पहिल्या ओळीत होती. मुलगा म्हणायचा, "मी तर काम संपल्यावर रात्री बघतो, कामात बघत नाही." त्याच्या मते तो कालचा उरलेला डेटा वापरत होता. पण रोजच्या पॅकचा दिवस रात्री बारा वाजता सुरू होतो. साडेअकराला पाहिलेला व्हिडिओ आजच्या खात्यातून जातो आणि सव्वाबाराला पाहिलेला उद्याच्या. म्हणजे हा मुलगा रोज झोपायच्या आधीच दुसऱ्या दिवसाच्या शिध्यातला दोन पंचमांश वाटा संपवत होता. सकाळी कामावर चढायचा तेव्हा त्याचा डबा अर्ध्यावर आलेला असायचा.

मग मायलेकानं हिशोब बसवला. गटात आपण आधी हप्ता बाजूला काढतो आणि मग घरखर्च करतो, तसंच. पूर्ण पाळीत कामाला साधारण २०० एमबी लागतात. त्याच्या दुप्पट, म्हणजे ४०० एमबी कामाचा वाटा म्हणून ठेवला, कारण एखाद्या दिवशी फोटो जास्त पाठवावे लागतात. घरच्या कॉलला १०० आणि व्हॉट्सॲपला १००. झाले ६००. उरले ९००. ते त्याचे, पण काम संपल्यावर आणि बाराच्या आत. साडेदहाला गाडी लावली की दीड तास त्यानं खुशाल व्हिडिओ बघावेत. त्याच्या पॅकमधला उरलेला डेटा बाराला वाया जातो, तो दुसऱ्या दिवशी मिळत नाही. म्हणून इथं काटकसर करून शिल्लक टाकण्यात काही अर्थ नाही. फक्त क्रम बदलायचा, आधी काम आणि मग करमणूक. बारा वाजले की डेटाचं बटण बंद.

मध्येच तपासायला एक खूण ठेवली. अर्धा डेटा संपला की कंपनीचा मेसेज येतो. तो मेसेज दुपारी चारच्या आत आला, तर त्या दिवशी काम संपेपर्यंत एकही व्हिडिओ नाही.

फोनमध्ये त्यानं दोन बदल केले. पहिला व्हॉट्सॲपमध्ये. Settings मधल्या Storage and data मध्ये Media auto-download असतं. तिथे मोबाईल डेटावर काहीच आपोआप उतरू नये असं ठेवलं. आता जो फोटो पाहायचा त्यावर बोट लावलं तरच तो उतरतो. मैत्रिणींनो, इथे आपलाही हात आहे. सकाळी आपण घरच्या ग्रुपवर देवाचे आणि सुप्रभाताचे जे व्हिडिओ टाकतो, ते रस्त्यावर असलेल्या पोराच्या फोनमध्ये आपोआप उतरू शकतात. ताईंनी तेव्हापासून व्हिडिओऐवजी दोन ओळी लिहायला सुरुवात केली.

दुसरा बदल Data Saver चा, आणि त्यात तो एकदा फसला. हे बटण चालू केलं की जे ॲप समोर उघडं नाही, त्याला मागच्या मागे डेटा मिळत नाही. त्यानं बटण चालू केलं आणि फोन खिशात टाकला. दीड तास एकही ऑर्डर वाजली नाही. बाजूच्या पोराला तीन मिळाल्या, तेव्हा कळलं की कामाचं ॲपसुद्धा अडवलं गेलंय. Data Saver च्याच आत Unrestricted data अशी यादी असते, काही फोनवर तिचं नाव थोडं वेगळं असतं. तिथे कामाचं ॲप आणि नकाशा यांना सूट दिली, मग ऑर्डरी सुरू झाल्या. तुमच्या घरचं कुणी हे बटण लावणार असेल, तर सूट आधी द्यायला सांगा.

आणखी एक सोय त्यानं केली. खोलीमालकाच्या वायफायवर त्यानं आपल्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवला. गूगल मॅप्समध्ये त्याला Offline maps म्हणतात. डेटा गेला तरी रस्ता दिसतो. पण त्यात गर्दी कुठे आहे ते कळत नाही, आणि कामाचं ॲप त्यावर चालत नाही. ऑर्डर घ्यायला आणि पोचवल्याची नोंद करायला डेटा लागतोच. म्हणून हा नकाशा अडचणीपुरता धरायचा.

एवढं करूनही कधी डेटा संपलाच तर? त्यांनी घरात ठरवून ठेवलंय. ९० टक्के संपल्याचा मेसेज कामात असताना आला, तर नेट चालू आहे तोवरच जादा डेटा घ्यायचा. पूर्ण संपल्यावर रिचार्जही अडकतं. तोही चुकला, तर घरी साधा फोन करायचा आणि घरच्यांनी रिचार्ज मारायचं. ताईंनी त्याचा नंबर आणि कोणता जादा पॅक घ्यायचा ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. तोवर मुलानं शेजारच्या पोराच्या फोनवरून हॉटस्पॉट घेऊन हातातली ऑर्डर पूर्ण करायची.

पुढच्या महिन्यात त्यानं जादा डेटा दोनदा घेतला. चव्वेचाळीस रुपये लागले. दोन्ही वेळा क्रिकेटचा सामना होता, आणि हे त्यानं वहीत स्वतःच्या हातानं लिहिलंय. ती वही ताईंनी परवा गटाच्या बैठकीत दाखवली. आता आमच्यातल्या तिघीजणी आपापल्या फोनचा तीन दिवसांचा हिशोब लिहायला बसल्या आहेत. तो काय निघतो, ते पुढच्या वेळी त्यांच्याच तोंडून ऐकू.