तक्त्यातून काढलेली कोटी कशी पडताळावी

नायट्रिक ऑक्साइड (NO) आणि हायड्रोजन (H₂) यांच्यात उच्च तापमानाला अभिक्रिया होऊन नायट्रोजन आणि पाणी तयार होते. तिचे समीकरण असे लिहितात: 2NO + 2H₂ → N₂ + 2H₂O. तापमान कायम ठेवून केलेल्या तीन प्रयोगांचा तक्ता पुढीलप्रमाणे आहे. संहती मिलिमोल प्रति लीटरमध्ये आणि सुरुवातीचा वेग मायक्रोमोल प्रति लीटर प्रति सेकंदमध्ये दिला आहे.

| प्रयोग | NO | H₂ | वेग |
|---|---|---|---|
| १ | ५ | २ | १२.५ |
| २ | १० | २ | ५० |
| ३ | १० | ४ | १०० |

पहिल्या दोन ओळींत हायड्रोजन तेवढाच आहे. NO दुप्पट केल्यावर वेग चौपट होतो, म्हणून NO ची कोटी २. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत NO तेवढाच राहतो, हायड्रोजन दुप्पट होतो आणि वेगही दुप्पट होतो, म्हणून त्याची कोटी १. समीकरणात मात्र हायड्रोजनच्या आधी २ आहे आणि पुष्कळ विद्यार्थी तोच आकडा कोटी म्हणून उचलतात. समीकरणातला आकडा एकूण हिशोब सांगतो. कोटी प्रयोगातूनच कळते.

पडताळणीची नेहमीची रीत म्हणजे प्रत्येक ओळीतून वेगस्थिरांक काढणे: वेगाला NO च्या वर्गाने आणि H₂ ने भागायचे. तिन्ही ओळींत ०.२५ येते. आता हायड्रोजनची कोटी चुकून २ धरली तर पहिल्या ओळीत ०.१२५, दुसऱ्या ओळीतही ०.१२५. दोन ओळी जुळल्या म्हणून इथेच थांबणारा फसतो, कारण त्या दोन्हींत हायड्रोजन बदललेलाच नाही. त्याच्या कोटीतली चूक तिथे दिसणे शक्य नाही. तिसऱ्या ओळीत उत्तर ०.०६२५ येते आणि चूक उघडी पडते. म्हणून ज्या पदार्थाच्या कोटीबद्दल शंका असेल, त्याची संहती जिथे बदलली आहे ती ओळ तपासावी.

तिन्ही ओळी जुळल्या तरी सिद्ध होते ते एवढेच, की आकडेमोड बरोबर आहे. दोन कोटी आणि एक स्थिरांक अशा तीन अज्ञात संख्या तीन ओळींतूनच काढल्या, तर त्या ओळींशी त्या जुळणारच. वेगाच्या सूत्राची खरी परीक्षा न वापरलेल्या चौथ्या ओळीवर होते. NO १५ आणि H₂ १ असताना वेग ०.२५ × २२५ × १, म्हणजे सुमारे ५६ यायला हवा. मोजमापात ४० आले तर सूत्र किंवा मोजमाप यांपैकी काहीतरी चुकले आहे.

प्रत्यक्ष मोजमापे इतकी नेटकी नसतात. संहती दुप्पट केल्यावर वेग १.९ पट झाला, तर कोटी सुमारे ०.९३ निघते आणि ती १ मानणे योग्य. पण संहती फक्त १.१ पट केली असेल, तर पहिल्या कोटीत वेग १.१ पट आणि दुसऱ्या कोटीत १.२१ पट होतो. मोजमापात दहा टक्के चूक असेल तर या दोन्हींत फरक करता येत नाही. अशा ओळींवरून कोटी ठरवू नये. संहती किमान दुप्पट बदललेली जोडी निवडावी.