खूप वर्षांनी पाठवलेला मेसेज

‘हाय, ओळखलंस का? किती वर्षं झाली गं! खरं तर चूक माझीच. लग्न, बदली, मुलं, यात कधी फोन करायचा राहिला ते कळलंच नाही. काकू गेल्याचं कळलं तेव्हाही फोन केला नाही, त्याची फार लाज वाटते. तू रागावली असशील. माफ करशील ना?’

माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने डीएडच्या वेळच्या मैत्रिणीसाठी हा मजकूर लिहिला आणि पाठवायच्या आधी मला दाखवला. दोघी हॉस्टेलमध्ये एका खोलीत राहिलेल्या. पुढे दोघींची लग्नं झाली, आडनावं बदलली, फोन नंबर बदलले आणि बोलणं थांबलं. भांडण काहीच झालं नव्हतं. आता बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि त्यात नंबर सापडला. मजकूर अगदी मनापासून लिहिलेला होता, तरी तो असाच जाऊ नये असं मी तिला सांगितलं.

मैत्रिणीच्या जागी बसून तो वाचून पाहा. फोनवर अनोळखी नंबर दिसतो, त्याखाली ब्लॉक करायचा पर्याय येतो आणि पहिलंच वाक्य असतं ‘ओळखलंस का?’. फसवणूक करणारे लोकही हल्ली अशीच सुरुवात करतात, त्यामुळे सावध माणूस पुढचं वाचतच नाही. वाचलं तरी पुढे तिच्यावर कामच येऊन पडतं. आधी ‘अगं नाही गं, मी कशाला रागावेन’ असं म्हणून हिची समजूत काढायची. मग आईचा विषय, तोही हिच्या अपराधी वाटण्याच्या निमित्ताने. आणि शेवटी माफ केलं की नाही, ते सांगायचं. इतक्या वर्षांनी आलेल्या मैत्रिणीने दारातूनच एवढं मागितलं, तर उत्तर ‘नंतर निवांत लिहू’ म्हणून मागे पडतं, आणि मागे पडलेलं उत्तर बहुधा जातच नाही.

संकोच सगळ्यांनाच होतो. लारा अकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या प्रयोगांत त्यांनी लोकांना ज्याच्याशी पुन्हा बोलावंसं वाटतं असा जुना मित्र आठवायला सांगितलं. त्याचा नंबर किंवा पत्ता हाताशी होता, त्यालाही आनंद होईल असं वाटत होतं. मेसेज लिहूनही झाला होता आणि पाठवायला वेळही दिला होता. तरी प्रत्यक्षात पाठवणारे एक तृतीयांशाच्या आसपासच निघाले. आणखी एका प्रयोगात जुन्या मित्राला लिहिण्याआधी काही जणांना तीन मिनिटं नेहमीच्या मित्रमंडळींना मेसेज पाठवायला सांगितले, तेव्हा मात्र निम्म्याहून जास्त जणांनी जुन्या मित्राचा मेसेजही पाठवला. मला ही गोष्ट फार उपयोगाची वाटते. बहिणीला, शेजारणीला दोन ओळी पाठवून हात मोकळा करायचा आणि त्याच बैठकीत मैत्रिणीला लिहायचं.

पलीकडच्या माणसाला काय वाटतं, हे पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2022 मध्ये तपासलं. आठवण काढणाऱ्याला वाटतं त्यापेक्षा ज्याची आठवण काढली त्याला ती कितीतरी जास्त मोलाची वाटते, असं त्यांना दिसलं. याचं एक कारण म्हणजे ध्यानीमनी नसताना कुणीतरी आपली आठवण काढली हा अचंबा. पाठवणाऱ्याचं लक्ष त्याकडे जात नाही. तो ‘आता हे विचित्र दिसेल का’ या काळजीत असतो. म्हणजे ज्या गॅपची लाज वाटते, तीच गॅप वाचणाऱ्याच्या आनंदात भर घालत असते. म्हणून तिच्याबद्दल खुलासा देत बसायची गरज नसते.

आम्ही तो मजकूर बाजूला ठेवला. मी तिला एवढंच विचारलं, की तिची आठवण नेमकी आजच का आली? ती म्हणाली, ‘संक्रांतीच्या शेंगपोळ्या करत होते.’ मग तिने लिहिलं ते असं:

‘अगं, मी, हॉस्टेलची, खोली नंबर बारा, खिडकीजवळची कॉट! तुझा नंबर आपल्या डीएडच्या ग्रुपवरून मिळाला. आज शेंगपोळ्या करत होते आणि काकूंचा डबा आठवला. आपण इस्त्री उलटी धरून त्यावर पोळी गरम केली होती आणि वासाने रेक्टरबाई वर आल्या होत्या. काकू गेल्याचं मला कळलं होतं. मला कधी त्यांनी पाहुणी मानलं नाही, दुसरी पोळी न विचारता वाढायच्या. मी आता इस्लामपूरला असते, चौथीचा वर्ग आहे. तू कुठे असतेस, अजून रात्री जागून वाचतेस का? सवडीने लिही, घाई काहीच नाही.’

पहिल्याच ओळीत कोण ते कळतं, आणि ते दोघींनाच ठाऊक असलेल्या खुणेने. नाव नंतर प्रोफाइलवर दिसेलच, पण आडनाव बदललेलं असल्याने नुसत्या नावावर काम भागत नाही. नंबर कुठून मिळाला हे लगेच आल्याने शंका उरत नाही. नंतर आजचं निमित्त आणि एकच आठवण, पण इस्त्रीसकट. ‘आपले ते दिवस किती छान होते’ असं कुणीही कुणालाही लिहू शकतं. इस्त्री आणि रेक्टरबाई मात्र या दोघींच्याच. आईबद्दलची वाक्यं आईबद्दलच आहेत, स्वतःच्या न केलेल्या फोनबद्दल नाहीत. गेलेल्या माणसाविषयी एक खरी गोष्ट सांगितली, की सांत्वन उशिरा आलं तरी पोचतं. शेवटचा प्रश्न एका ओळीत उत्तर देता येईल असा आहे. ‘सगळं सांग, काय काय झालं’ असं विचारलं, की उत्तर द्यायला पंधरा वर्षांचा हिशोब मांडावा लागतो.

असा मेसेज दिवाळी-पाडव्याच्या गर्दीत पाठवू नये. शुभेच्छांच्या शंभर चित्रांत तो बुडतो. साधा मंगळवार बरा. आणि त्यात काम घालू नये. मुलाची ॲडमिशन, कुणासाठी ओळख, विमा, लग्नाचं स्थळ यातलं काही शेवटच्या ओळीत आलं, की आधीची प्रेमाची वाक्यंही त्यासाठीच होती असं वाटू लागतं. खरंच काम असेल तर ते पहिल्याच ओळीत सरळ सांगावं, तेही चालतं.

हे सगळं नुसतं अंतर पडलेल्या मैत्रीसाठी आहे. उसने पैसे परत केले नसतील, शब्द मोडला असेल, कुणाच्या भरल्या घरात अपमान केला असेल, तर शेंगपोळीने सुरुवात करणं बरोबर नाही. तिथे माफीच आधी हवी, कारणं न देता आणि जे केलं त्याचं नाव घेऊन.

पाठवल्यावर एकच करडी टिक दिसत राहिली तर मेसेज फोनपर्यंत पोचलेला नसतो. नंबर बंद असेल, नाहीतर नेट. मग ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणाला विचारावं. दोन टिक आल्या आणि उत्तर नाही, तर ‘पाहिलास ना?’ असं विचारू नये. तिच्या घरी काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. काही महिन्यांनी, पुन्हा खरंच काही आठवलं तर, एकदा लिहावं. त्यावरही उत्तर नाही आलं तर तिथेच थांबावं.

या मैत्रिणीचं उत्तर दुसऱ्या दिवशी शाळेच्या मधल्या सुट्टीत आलं. पाच-सहा लहान लहान मेसेज, एकामागून एक. शेवटच्यात तिने विचारलं होतं, रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर फोन केला तर चालेल का?